ऐकून कळतं, वाचता येत नाही: घरात मराठी ऐकत वाढलेल्या एका शिकणारीचं प्रकरण

शिकणारी 31 वर्षांची. घरात आईबाबा आणि आजी मराठीच बोलतात, पण तिची शाळा पहिलीपासून इंग्रजीत झाली. फोनवर आजी जे काही बोलते ते तिला अडखळल्याशिवाय कळतं. उत्तर ती अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत देते. घरच्या गटावर कुणी देवनागरीत मजकूर टाकला की ती आईला म्हणते, "बोलून पाठव ना." तिला तीन गोष्टी हव्या आहेत: घरच्यांचे मजकूर वाचणं, त्यांना देवनागरीत उत्तर देणं आणि आजीची जुनी पत्रं वाचणं. ही एकच एक व्यक्ती नाही. अशा शिकणाऱ्यांमध्ये वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण मांडलं आहे, त्यामुळे आठवड्यांचे आकडेही अंदाजाचेच समजावेत.

आधी तपासणी

असा माणूस शिकायला आला की बहुतेक वेळा दोनपैकी एक पुस्तक त्याच्या हातात दिलं जातं. एक म्हणजे लहान मुलांची अंकलिपी. दुसरं म्हणजे मराठी अजिबात न येणाऱ्यांसाठीचं पुस्तक, जे "हे काय आहे? हे घर आहे" इथून सुरू होतं. दोन्ही त्याला लागू पडत नाहीत. अंकलिपी अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने देते, त्यामुळे ङ आणि ञ ही क्वचित लागणारी अक्षरं लवकर येतात. दुसरं पुस्तक तर त्याला तिसऱ्या वर्षीच माहीत असलेल्या शब्दांचे अर्थ शिकवत बसतं. दोन आठवड्यांत कंटाळा येतो आणि "मला जमत नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

म्हणून सुरुवात अर्ध्या तासाच्या तपासणीने केली. तिला दोन उतारे मोठ्याने वाचून दाखवले आणि काय समजलं ते कोणत्याही भाषेत सांगायला सांगितलं. पहिला घरगुती होता: "उद्या सकाळी आजीला डॉक्टरकडे न्यायचंय, तू येशील का? बाबांना जमणार नाही म्हणतात." दुसरा सूचनेच्या भाषेतला होता: "संबंधित सभासदांनी आपली थकबाकी विहित मुदतीत भरावी, अन्यथा पुढील कार्यवाही करण्यात येईल." पहिला तिने पूर्ण सांगितला. दुसऱ्यात "कुणीतरी काहीतरी भरायचंय, नाहीतर काहीतरी होईल" एवढंच कळलं. त्यानंतर अक्षरांच्या 20 चिठ्ठ्या दाखवल्या. पाट्या बघून बघून ओळखीची झालेली चार अक्षरं तिने सांगितली.

वाचनाचा अभ्यास करणाऱ्या गॉफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये एक साधी मांडणी केली होती. अक्षरं उलगडण्याची क्षमता आणि ऐकून समजण्याची क्षमता यांचा गुणाकार म्हणजे वाचून समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. या शिकणारीच्या बाबतीत दुसरी संख्या घरगुती मराठीपुरती जवळजवळ पूर्ण आहे, पण पहिली शून्याजवळ असल्यामुळे उत्तर शून्यच येतं. सूचनेच्या भाषेत मात्र दुसरी संख्याही अपुरी आहे. म्हणजे तिच्यापुढे एक दरी नसून दोन आहेत, आणि दोन्हींवरचे इलाज वेगळे आहेत. लिहिणं ही तिसरी दरी, तिच्याकडे पुढे येऊ. या तिन्ही एकदम हाताळायला गेलं की कुठे अडतंय हेच कळेनासं होतं.

पहिले चार आठवडे: अक्षरं, पण वेगळ्या क्रमाने

आठवड्यातून पाच दिवस, रोज 25 मिनिटं असं वेळापत्रक ठरलं. रविवारी सलग दोन तास बसून हे होत नाही, कारण मध्ये बरेच दिवस गेले की नवी अक्षरओळख विसरायला होते.

पहिल्या गटात फक्त सात व्यंजनं घेतली: म, न, क, त, ल, र, स. सोबत दोन खुणा, ा आणि ी. एवढ्यावर मी, ती, मला, काल, नाक, कान, काका, मामा, तास, रात, करतात असे शब्द पहिल्याच बैठकीत वाचता येतात. दुसऱ्या गटात ह, व, य, ण, च, आ आणि े, ो, ं आले. मग "नको", "आहे", "नाही", "कोण", "मी येणार नाही" हे सगळं हाताशी येतं. हा क्रम वर्णमालेचा नाही. घरच्या बोलण्यात काय जास्त लागतं त्यावरून तो ठरवला आहे. 34 व्यंजनं गुणिले बाराखडीची 12 रूपं म्हणजे चारशेच्या वर अक्षरं होतात हे ऐकून ती धास्तावली होती. पण खूण कुठे बसते आणि काय करते हे एकदा पाच-सहा व्यंजनांवर पक्कं झालं की उरलेली बाराखडी आपोआप सुटते. त्यात रु आणि रू तेवढे वेगळे दिसतात, ते स्वतंत्र दाखवायचे.

इंग्रजीची सवय असलेल्या डोळ्याला सर्वांत जास्त छळते ती पहिली वेलांटी. ि व्यंजनाच्या डावीकडे दिसते पण उच्चार नंतर होतो. ती "किती" वाचताना क्षणभर "इ" वर थांबायची. यावर उपाय म्हणजे सुरुवातीला बोट वेलांटीवर न ठेवता व्यंजनावर ठेवून वाचणं. आठवडाभरात अडखळणं गेलं. घ–ध, भ–म, ब–व आणि थ–य या जोड्या मात्र एकाच दिवशी शिकवायच्या नाहीत. एक अक्षर पक्कं झाल्यावर निदान चार दिवसांनी दुसरं आणायचं, नाहीतर दोन्ही एकमेकांत मिसळतात.

घरात मराठी ऐकलेल्याला इथे एक मोठा फायदा मिळतो. "बसला" हे अक्षरं जुळवत वाचलं की ब-स-ला असं येतं. नव्याने भाषा शिकणाऱ्याला त्यातला मधला अ गळतो हे नियमाने शिकवावं लागतं. तिने ब-स-ला म्हटलं, कानाला ते खटकलं आणि पुढच्याच क्षणी "बस्ला!" असं स्वतःच दुरुस्त केलं. "माझा" मधला झ आणि "माझी" मधला झ वेगळे उच्चारायचे असतात, पण लिहायचे एकच. हेही तिला शिकवावं लागलं नाही. लिपीत जे लिहिलेलं नसतं ते तिच्या कानात आधीच आहे. म्हणून अशा शिकणाऱ्याला उच्चारांचे नियम देण्यात वेळ घालवू नये.

अंदाजाने वाचण्याचा घोळ

हाच फायदा तिसऱ्या आठवड्यात उलटला. ती एकदम भराभर वाचू लागली आणि आईला वाटलं, जमलं. प्रत्यक्षात ती पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द ओळखत होती. घरगुती वाक्यांत पुढे काय येणार हे तिला इतकं ठाऊक असतं की पुढची अक्षरं बघण्याची गरजच पडत नाही. हे लवकर पकडलं नाही तर अनोळखी मजकूर समोर आला की सगळं कोसळतं आणि मग कारण सापडत नाही.

पकडण्याची रीत सोपी आहे. दहा वाक्यं लिहायची आणि त्यांतल्या तीन वाक्यांत अपेक्षित शब्दाऐवजी त्याच्याजवळचा दुसरा शब्द ठेवायचा. "बाबांनी दार उखडलं" हे तिने सहज "बाबांनी दार उघडलं" असं वाचलं. "तो माझ्यावर चढला" याचं "चिडला" झालं. इथे लगेच दुरुस्ती करायची नाही. "बाबांनी दाराचं काय केलं?" असं विचारायचं आणि पुन्हा बघायला लावायचं. तिने दुसऱ्यांदा बघितलं, ख वर बोट ठेवलं आणि मग ओळखलं. सोबत अर्थ नसलेले शब्दही द्यायचे: मोखळी, घातेर, टिलणू. यांत अंदाजाला जागाच नसते. दहा निरर्थक शब्दांपैकी आठ बरोबर येईपर्यंत पुढचा गट द्यायचा नाही, हा नियम कडक ठेवला. त्यासाठी चौथ्या आठवड्यातले तीन दिवस जास्त गेले. ते गेलेले बरे.

जोडाक्षरं त्यानंतर आली. तिथेही पुस्तकातला क्रम सोडून रोजच्या बोलण्यातलीच घेतली: म्ह (तुम्ही, आम्हाला), न्ह (पुन्हा), त्य (त्याला), झ्य (माझ्या), च्य (पुढच्या). उभा दंड असलेल्या अक्षराचा दंड काढला की ते अर्धं होतं, एवढं कळलं की यांतली जवळजवळ सगळी सुटतात. द, ट, ह यांना तसा दंड नाही, म्हणून त्यांची जोडाक्षरं चित्रासारखी पाठ करावी लागतात. "उद्या" मधलं द्य तिला कित्येक दिवस "ध" वाटत होतं, कारण छापील द्य मध्ये द आणि य वेगवेगळे ओळखू येत नाहीत. रफार ज्या अक्षरावर बसतो त्याच्या आधी म्हणायचा (वर्ष, कर्ज) हे लवकर बसलं. "दुसऱ्या" मधला अर्धचंद्रासारखा र वेगळा शिकवावा लागतो, कारण "दर्या" म्हणजे समुद्र आणि "दऱ्या" म्हणजे अनेक दरी. ऐकून हा फरक तिला आधीच कळत होता, तो कागदावर कसा दिसतो तेवढंच नवीन होतं.

छापलेली मराठी घरच्यासारखी नसते

पाचव्या आठवड्यात तिने एक छोटी गोष्ट वाचायला घेतली आणि तिसऱ्याच ओळीवर थांबली. "तिने पत्र लिहिले." तिचा प्रश्न होता, पत्रं किती? घरात "लिहिलं" असंच ऐकलेलं. "-ले" हा शेवट तिच्या कानाला "मुलगे गेले" किंवा मान देऊन म्हटलेलं "बाबा गेले" असाच लागतो. छापील मराठीत बरेचदा "केले, असे, माझे, करणे, घरे" असतं, त्या जागी बोलताना "केलं, असं, माझं, करणं, घरं" येतं. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ही अडचण अक्षरांची नाही, अर्थाचीही नाही. दोन वळणांमधला पूल तेवढा हवा होता.

अशा दहा जोड्या लिहून भिंतीवर लावल्या आणि एक पडताळा दिला: शेवटच्या े च्या जागी अनुस्वार ठेवून मनात म्हणून बघायचं. कानाने मान्य केलं तर ते बोलीतलं "-अं". "पत्र लिहिलं" चालतं. "बाबा गेलं" कान नाकारतो, म्हणजे तिथे े खराच आहे. "होते" फसवं आहे, कारण "घर होते", "बाबा होते" आणि "ती तयार होते" यांत ते तीन वेगळी कामं करतं, पण तिथेही कान निर्णय देतो. व्याकरणाची संज्ञा न सांगता हे आठवड्यात बसलं.

यानंतर उरतात खरोखरच अनोळखी शब्द. इथे पुन्हा पहिली तपासणी वापरायची. एखादा परिच्छेद वाचून समजला नाही, तर तोच तिला मोठ्याने वाचून दाखवायचा. आता समजला, तर अडचण अक्षरांची आहे. तरीही समजला नाही, तर अडचण भाषेची आहे आणि अक्षरांचा कितीही सराव केला तरी ती सुटणार नाही. सूचनेच्या उताऱ्यावर तिचं दुसरंच उत्तर आलं. त्यावर इलाज म्हणजे टप्प्याटप्प्याने दूरचा मजकूर घेणं: आधी घरचे मजकूर, मग भरपूर संवाद असलेल्या गोष्टी आणि नाटकं, मग मुलाखती, आणि शेवटी बातम्या. संवाद छापील मराठीत कानाच्या सर्वांत जवळ असतो. मुलांसाठीची पुस्तकं इथे फारशी उपयोगी पडली नाहीत, कारण त्यांची भाषा अनेकदा पुस्तकी असते आणि विषयात तिला रस नसतो. मोजमाप एवढंच ठेवलं की शंभर शब्दांत पाचपेक्षा जास्त अनोळखी शब्द निघाले तर तो मजकूर दोन आठवड्यांनी घ्यायचा. अनोळखी शब्दांची यादी करून ती पाठ करायची नाही. "थकबाकी" चा अर्थ आईला फोनवर विचारून तिच्याच तोंडून एका वाक्यात ऐकायचा. शब्द मग कानात जातो, आणि तिथे गेला की पुढच्या वेळी वाचताना सापडतो.

लिहिणं

सातव्या आठवड्यापर्यंत तिला लिहायला लावलं नव्हतं. अक्षरं हाताने गिरवणं सुरुवातीपासून होतं, रोज पाच मिनिटं, कारण हात फिरला की घ आणि ध डोळ्यांनाही वेगळे दिसू लागतात. पण स्वतःचं वाक्य लिहिणं वेगळं. वाचताना खूण समोर असते, लिहिताना ती निवडावी लागते.

रोमन अक्षरांत मराठी लिहिण्याची तिला दहा वर्षांची सवय होती आणि त्या सवयीने बरंच झाकून ठेवलं होतं. kal म्हणजे काल, काळ, कळ की कल, हे वाचणारा संदर्भावरून ठरवतो, लिहिणाऱ्यावर जबाबदारी येतच नाही. म्हणून फोनवर रोमनमध्ये टाइप करून देवनागरी सुचवणारा कळफलक तिला बंद करायला सांगितला. त्यावर bahin टाइप केलं की पर्याय येतात आणि ती त्यांतला एक ओळखते. ते वाचन झालं, लेखन नाही. इन्स्क्रिप्ट हा देवनागरी अक्षरांचा कळफलक सुरू केल्यावर पहिले तीन दिवस एक वाक्य लिहायला दोन-तीन मिनिटं लागली. त्यावर पहिली वेलांटी व्यंजनानंतर टाइप होते, म्हणजे जसा उच्चार तसा क्रम. दिसण्यातली जुनी अडचण इथे उलट सोपी होते. जोडाक्षर हलंत ् देऊन होतं: ज + ् + ञ = ज्ञ. "दुसऱ्या" साठी ऱ + ् + य, आणि हा ऱ इन्स्क्रिप्ट कळफलकावर र च्याच कळीवर शिफ्टसह मिळतो.

पहिलं श्रुतलेखन बाबांनी फोनवर सांगितलं. तिने लिहिलं: "मि उद्या येते. बहिनिला सांग." यांतल्या चुका दोन वेगळ्या जातींच्या आहेत आणि दोन्हींना एकच "शुद्धलेखन कच्चं" म्हणणं निरुपयोगी आहे.

"मि" मध्ये ऱ्हस्व-दीर्घ चुकलं. मराठीत शेवटच्या इ-उची लांबी कानाला फारशी मदत करत नाही, म्हणून इथे नियम लागतो. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम महाराष्ट्र शासनाने 1962 मध्ये स्वीकारले आणि 1972 मध्ये त्यांत भर पडून ते 18 झाले. तिला त्यांतले दोनच दिले. शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि उकार दीर्घ: मी, ती, पाटी, गुरू. आणि शेवटून दुसऱ्या अक्षरात वेलांटी किंवा उकार असेल तर असं: शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर ते ऱ्हस्व (सुरी, किडा), शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर दीर्घ (फूल, गरीब, बहीण). "बहीण" ची "बहिणीला" होताना "ही" चं ऱ्हस्व "हि" का होतं, हे प्रत्यय काढून बघितलं की कळतं: बहिणी + ला. बहिणी मध्ये शेवटचं णी दीर्घ, म्हणून त्याआधीचं हि ऱ्हस्व. काही दिवसांनी ती "आणी" लिहू लागली. "आणि" हा अपवाद आहे, पण ही चूक चांगली खूण होती, कारण नियम खराच चालू लागला होता. गुण, मंदिर, परीक्षा, पूजा असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द दुसरा नियम पाळत नाहीत. ते डोळ्यांनीच लक्षात ठेवावे लागतात आणि बारा आठवड्यांत ते पुरे होत नाहीत.

"बहिनि" मधला न ही दुसरी जात. तिच्या घरच्या बोलीत ण चा उच्चार न होतो. त्यामुळे तिचा कान तिला ण देऊच शकत नाही. इथे "नीट ऐक" सांगणं चुकीचं आहे, कारण तिने नीटच ऐकलं होतं. घरची बोली बिघडलेली नाही आणि ती बदलायचीही नाही. ण असलेले रोजचे तीस-चाळीस शब्द (कोण, आणि, म्हणून, बहीण, येणार, आपण) एकत्र लिहून काढले आणि दिसण्यावरून पक्के केले. ष आणि श, कृ आणि क्रु, ज्ञ आणि द्न्य यांचंही असंच. कान मदत करत नाही, डोळ्यांवर सोपवायचं.

तिसरी नोंद तिने न केलेल्या चुकीची. "उद्या" तिने बरोबर लिहिलं होतं. ज्या द्य ने वाचताना सर्वांत जास्त त्रास दिला तोच आता पक्का होता. कुठल्या शब्दांवर जोर द्यायचा नाही हे कळणंही तपासणीचाच भाग आहे.

बाराव्या आठवड्यानंतर

घरचे मजकूर ती आता मदतीशिवाय वाचते, थोडं सावकाश. उत्तरं दोन-तीन वाक्यांची असतात आणि त्यांत एखादी वेलांटी चुकते, पण वाचणाऱ्याचं अडत नाही. बातम्यांमध्ये पाचाच्या मर्यादेबाहेर शब्द निघतात. ते वर्षभराचं काम आहे आणि त्याला अक्षरांच्या सरावाची गरज उरलेली नाही.

आजीची पत्रं मात्र पहिल्या प्रयत्नात हाती लागली नाहीत. त्याचं एक कारण हस्ताक्षर. शिरोरेषा सलग ओढलेली, दोन शब्दांत जागा जेमतेम, आणि घाईत ख चं "रव" झालेलं. दुसरं कारण आजीच्या शाळेच्या काळातलं लेखन. 1962 च्या नियमांआधी शिकलेल्या पिढीच्या लिहिण्यात "नाहीं", "कां", "घरांत" असे आज गळलेले अनुस्वार सर्रास असतात. तिला ते लिहिण्यातल्या चुकांसारखे वाटले आणि प्रत्येक टिंबापाशी ती उच्चार शोधत राहिली. हे टिंब उच्चारायचे नाहीत असं सांगितल्यावर निम्मी अडचण गेली. हस्ताक्षरासाठी एक छोटी युक्ती उपयोगी पडते. ज्या पत्रातला मजकूर आईला माहीत आहे असं एक पत्र निवडायचं, आईने ते फोनवर वाचायचं आणि तिने ऐकता ऐकता बोट फिरवत प्रत्येक शब्दाखाली आजचं छापील रूप पेन्सिलीने लिहायचं. एका पानातून आजीच्या हातची बहुतेक अक्षरं सापडतात. न सापडलेली, बहुधा झ, ण आणि जोडाक्षरं, वेगळ्या कागदावर उतरवून दुसऱ्या पत्रात शोधायची.